बर्थ डोस तीन दिवस चुकला, आता काय करायचं?

वहिनीची डिलिव्हरी होऊन आज तिसरा दिवस आहे. तिचा एचबीएसएजी, म्हणजे हेपॅटायटिस बीचा रिपोर्ट आज संध्याकाळी पॉझिटिव्ह आला, आधी कुठे केलाच नव्हता. बाळ २ किलो ६०० ग्रॅम आहे, त्याला जन्मल्यावर हेपॅटायटिस बीची लस दिलेली नाही, डिस्चार्ज उद्या आहे. आता देऊन उपयोग आहे का, की सहा आठवड्यांनी बाकीच्या लसींबरोबरच द्यायची? मोठा मुलगा ४ वर्षांचा आहे, त्याचे दोनच डोस झालेत. आणि मी स्वतः लेबर रूमला स्टाफ नर्स आहे, ट्रेनिंगला असताना दोन डोस घेतले, तिसरा राहिला, त्याला ८ वर्षं झाली. मला परत पहिल्यापासून घ्यावे लागतील का?

ताई, उद्याच्या डिस्चार्जची वाट बघू नका. आज रात्रीच ड्युटीवरच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा आणि बाळाला दोन इंजेक्शनं द्यायला लावा, एका मांडीत हेपॅटायटिस बीची लस आणि दुसऱ्या मांडीत हेपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन. लस नेहमीची, अर्धा मिली, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा ब्रँडप्रमाणे बदलते, ती बाटलीवरचं लेबल बघूनच भरायची. आता लस बहुतेक ठिकाणी फ्रीजमध्ये असते, इम्युनोग्लोब्युलिन मात्र सगळीकडे नसतं, मागवावं लागतं, तर ते येईपर्यंत लस अडवून ठेवायची नाही. लस आत्ता, ते आलं की ते. आईचा रिपोर्ट असा उशिरा कळला तर इम्युनोग्लोब्युलिन सात दिवसांच्या आत द्यायचं असतं, तुमचे तीन गेलेत, पण म्हणून उरलेले चार निवांत आहेत असं नाही, प्रत्येक दिवसागणिक त्याचा उपयोग कमी होत जातो.

आणि सहा आठवड्यांपर्यंत थांबायचं का, तर अजिबात नाही.

का ते नीट सांगतो कारण तुम्ही लेबर रूमला आहात आणि तिथे हे रोज लागतं. आपण सगळे या पहिल्या डोसला बर्थ डोस म्हणतो आणि बीसीजी-पोलिओच्या रांगेत त्याला उभं करतो, त्यामुळे तो आज दिला काय नि चार दिवसांनी दिला काय, असं मनात बसतं. पण पॉझिटिव्ह आईच्या बाळासाठी हा डोस म्हणजे सुई टोचल्यानंतर स्टाफला देतो तोच प्रकार आहे, संपर्क होऊन गेलाय आणि आपण मागून पळतोय. डिलिव्हरीच्या वेळी बाळ आईच्या रक्तातून, स्रावातून बाहेर येतं, विषाणू तेव्हाच अंगाला, तोंडाला, बारीक खरचटलेल्या जागेला लागतो. घड्याळ तिथून चालू झालेलं असतं.

मग मागून पळून गाठता कसं येतं? तर हा विषाणू सावकाश चालणारा आहे. शरीरात शिरल्यावर तो लिव्हरमध्ये बस्तान बसवून रक्तात दिसायला लागेपर्यंत साधारण महिना-दोन महिने जातात. लशीने अँटीबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणजे शर्यत जवळजवळ बरोबरीची आहे, जो आधी सुटला तो जिंकतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना २००९ पासून सगळ्याच बाळांना २४ तासांच्या आत द्या म्हणते, आणि आई पॉझिटिव्ह आहे हे माहीत असेल तर बारा तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही द्यायचं असतं. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या तयार अँटीबॉडी, लस कामाला लागेपर्यंत मधली खिंड ती लढवते. ती आणि लस एका जागी दिली तर एकमेकींच्या आड येतात, म्हणून वेगळी मांडी, वेगळी सिरिंज.

न दिल्यास काय, तर आईला ई अँटिजेन पण पॉझिटिव्ह असेल, म्हणजे विषाणू जोरात वाढत असेल, तर काहीच न दिलेल्या बाळांपैकी १०० मधली ७० ते ९० बाधित होतात. ई निगेटिव्ह असेल तर धोका बराच कमी, पण शून्य नाही. आणि खरी गोची पुढे आहे. मोठ्या माणसाला हा संसर्ग झाला तर १०० मधले ९५ पेक्षा जास्त जण सहा महिन्यांत विषाणू हाकलून देतात, काहींना कावीळ होते, ते महिनाभर अंथरूण धरतात आणि उठतात. नवजात बाळात उलटं, बाधित झालेल्यांपैकी ९० टक्के बाळांत तो कायमचा राहतो. कारण बाळाचं शरीर त्याला चोर समजतच नाही, घरातलाच कोणीतरी समजतं. कावीळ नाही, ताप नाही, बाळ छान गुटगुटीत वाढतं, आणि तिशी-चाळिशीत सिरॉसिस किंवा लिव्हरचा कॅन्सर घेऊन येतं. तैवानने १९८४ मध्ये पॉझिटिव्ह आयांच्या बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे सगळ्याच बाळांना दिली, तेव्हा काही वर्षांतच ६ ते १४ वयाच्या मुलांमधला लिव्हर कॅन्सर जवळपास निम्म्यावर आला, दर एक लाखाला ०.७० वरून ०.३६ वर. तुमच्या बाळाचा तिसरा दिवस असला तरी लस द्यायची ती याचसाठी, आईकडून आलेला विषाणू गाठायची संधी कमी झालीय पण गेलेली नाही, आणि पुढे घरातल्या घरात लागण होण्यापासूनचं संरक्षण तर आहेच.

आता हा डोस चुकतो कसा हे पण सांगतो, कारण तो बहुतेक वेळा कुणाच्या अज्ञानामुळे नाही, फ्रीजमुळे चुकतो. मी जिथे आधी होतो तिथे हेपॅटायटिस बीची दहा डोसची बाटली यायची, लसीकरणाचा दिवस ठरलेला, फ्रीजची किल्ली एकीकडेच आणि ती बाई पाच वाजता घरी. शनिवारी रात्री जन्मलेल्या बाळाला सोमवारी लस. रात्री उघडायची म्हटलं तर 'एका बाळासाठी दहाची बाटली कशाला फोडायची, नऊ डोस वाया जातील' हे उत्तर ठरलेलं. नऊ डोस वाया जातच नाहीत हो! या लशीच्या बहुडोस बाटलीत प्रिझर्वेटिव्ह असतं, ती २ ते ८ अंशात नीट ठेवली, एक्स्पायरी झालेली नसेल, व्हीव्हीएम, म्हणजे बाटलीवरची उष्णता दाखवणारी खूण, ठीक असेल, बाटली पाण्यात बुडालेली नसेल आणि दर वेळी स्वच्छतेने सुई घातली असेल तर उघडल्यापासून २८ दिवस वापरता येते. बीसीजीची उघडलेली बाटली काही तासांत टाकतात ना, तो नियम लोक हिलाही लावतात. आम्ही शेवटी एक बाटली लेबर रूमच्या फ्रीजमध्ये ठेवली, वर उघडल्याची तारीख लिहायची, आणि डिलिव्हरीच्या नोटमध्ये व्हिटॅमिन केच्या खाली लशीची ओळ टाकली, तारीख आणि वेळ दोन्ही लिहायची. तारीख असून भागत नाही, कारण आदल्या दिवशी सकाळी जन्म आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लस हे कागदावर 'पुढच्याच दिवशी' दिसतं पण तास झालेले असतात छत्तीस.

फ्रीजचं एक राहिलंच. ही लस उन्हाला जेवढी घाबरत नाही तेवढी गोठण्याला घाबरते, शून्याच्या जरा खाली गेली की तिच्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कणांच्या गुठळ्या होतात आणि ती मेली म्हणून समजा, वितळल्यावर दिसायला तशीच दिसते. आपण मात्र काळजी म्हणून तिला बर्फाच्या पॅकला चिकटवून नेतो. संशय आला तर त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवा, दोन्ही हलवून शेजारी शेजारी ठेवा, संशयित बाटलीतला गाळ त्या गोठवलेलीइतक्याच किंवा जास्त वेगाने खाली बसला तर सगळी फेकायची.

बाळाचं पुढे काय. तुमच्या इथे एकट्या हेपॅटायटिस बीची लस देतात तर पुढचे डोस एक महिन्याला आणि सहा महिन्यांना, आणि एकत्रित लस देतात तर ती सहा आठवड्यांपासून सुरू होईल आणि त्यांच्या शेड्यूलप्रमाणे पूर्ण होईल. बर्थ डोस मात्र नेहमी एकट्या हेपॅटायटिस बीच्या लशीचाच, पेंटाव्हॅलंट सहा आठवड्यांच्या आत देत नाहीत. तुमचं बाळ २ किलो ६०० आहे त्यामुळे आजचा डोस मोजला जाईल. हे मुद्दाम सांगतोय कारण एका बाळाच्या बाबतीत नेमकं इथेच फसलेलं बघितलंय.

ते बाळ १ किलो ७८० ग्रॅमचं, आई पॉझिटिव्ह, दहाव्या तासाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही दिलं, सगळं व्यवस्थित. पण दोन किलोच्या खालच्या बाळाचं शरीर जन्मतः लशीला पुरेसं उत्तर देईल याची खात्री नसते, म्हणून पॉझिटिव्ह आईच्या अशा बाळाला बर्थ डोस द्यायचा जरूर, पण मोजायचा नाही, एक महिन्याचं झाल्यावर पुढे पूर्ण तीन द्यायचे, एकूण चार होतात. डिस्चार्ज कार्डवर हे कुणी लिहिलं नाही. पुढे ज्या दवाखान्यात ते नेलं तिथल्या डॉक्टरांनी कार्ड बघितलं, पहिला डोस झालाय, मग दुसरा नि तिसरा दिला, कोर्स संपला. त्यांची चूक म्हणता येत नाही, कार्डच तसं बोलत होतं. दहाव्या महिन्यात तपासणीला माझ्याकडे आलं तेव्हा एचबीएसएजी निगेटिव्ह, म्हणजे बाधित नाही, पण अँटी-एचबीएस, म्हणजे संरक्षण देणाऱ्या अँटीबॉडीचं प्रमाण, ज्याला टायटर म्हणतो, ते फक्त ४. संरक्षणासाठी किमान १० लागतं. एक डोस आणखी दिला, सहा आठवड्यांनी परत रक्त घेतलं तर १८०. त्या डोसनंतरही १० च्या खाली राहिलं असतं तर अजून दोन देऊन परत तपासलं असतं. सुटलं ते बाळ, पण दहा महिने बहुधा अर्धवट छत्रीत फिरत होतं.

तर तुमच्याही बाळाची ही तपासणी करायचीच आहे, कोर्स पूर्ण झाला म्हणून सोडून देऊ नका. नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिने सोडून, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस या दोनच टेस्ट. नवव्या महिन्याआधी नको, कारण आज दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनच्या उसन्या अँटीबॉडी तोपर्यंत रक्तात असू शकतात आणि टायटर फसवं चांगलं येतं. कोअर अँटीबॉडीची टेस्ट कुणी लिहून दिली तर करू नका म्हणून सांगा, ती आईकडून बाळात आलेली असते, दीड-दोन वर्षांपर्यंतही टिकते, पॉझिटिव्ह आली की घरातले रडायला लागतात आणि त्यातून कळत काहीच नाही. तसंच लस दिल्यानंतर लगेच दोन-तीन आठवड्यांत एचबीएसएजी करू नका, लशीत तोच प्रोटीन असतो, काही दिवस रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. लशीतून रोग होत नाही हं, तो प्रोटीन यीस्टमध्ये तयार केलेला असतो, विषाणू त्यात नसतोच.

एवढं सगळं वेळेवर करूनही थोडी बाळं बाधित होतात, ती बहुतेक ज्यांच्या आईचा व्हायरल लोड फार जास्त असतो त्यांची. त्यासाठी गरोदरपणातच उपाय असतो, लोड दोन लाख युनिटच्या वर असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून आईला टेनोफोव्हिर सुरू करतात. वहिनींची ती वेळ गेली, पण त्यांना लिव्हरच्या डॉक्टरांकडे पाठवाच, ई अँटिजेन, व्हायरल लोड, एएलटी करून घ्या, त्यांच्या स्वतःच्या लिव्हरसाठी, आणि पुढच्या वेळसाठीही. अंगावर पाजू द्या, बाळाला लस झाल्यावर तर काळजीच नको, आणि लस मिळायला तास-दोन तास लागले तरी तेवढ्यासाठी दूध तोडू नका. नेमकं याच्यावरून घरातली ज्येष्ठ मंडळी गोंधळ घालतात, म्हणून आधीच बोलून ठेवा.

मोठ्याचं. आई कधीपासून पॉझिटिव्ह आहे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे तो बाधित आहे का हे आधी बघावं लागेल. नुसता एक डोस उरकून मोकळं व्हायचं नाही. उद्या त्याचं रक्त घ्या आणि रक्त घेतल्या घेतल्या त्याच खुर्चीत उरलेला डोस द्या. क्रम तोच, आधी रक्त मग लस, वर सांगितलेल्या खोट्या पॉझिटिव्हमुळे. रिपोर्टसाठी लस थांबवू नका, बाधित निघाला तर त्या डोसने नुकसान काही होत नाही. आणि परत पहिल्यापासून सुरू करायचं नाही, दोन डोसमध्ये कितीही वर्षं गेली तरी झालेले डोस बाद होत नाहीत. बंधन असतं ते उलटं, लवकर घेण्यावर. कॅच-अप करताना पहिल्या-दुसऱ्यात किमान चार आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात किमान आठ, पहिल्या-तिसऱ्यात किमान सोळा. त्याचा दुसरा डोस केव्हाच होऊन गेलाय म्हणजे एका डोसात त्याचा कोर्स पूर्ण. फक्त ते जुने दोन डोस कार्डावर लिहिलेले पाहिजेत, 'दिले असतील बहुतेक' याला डोस धरत नाहीत. दादांचंही रक्त तपासा, निगेटिव्ह असतील आणि लस झालेली नसेल तर त्यांचे तीन लगेच सुरू करा.

आता तुम्ही. तुमचंही तेच, परत पहिल्यापासून नाही, उद्या तिसरा घ्या, दंडात. कमरेत नको, तिथे चरबीत राहते आणि टायटर येत नाही, जुन्या स्टाफपैकी कितीतरी जणांचं टायटर न येण्याचं हे एक कारण. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस. आज टायटर करून 'आलं तर तिसरा कशाला' हा विचार बऱ्याच जणी करतात, तो करू नका, अर्धवट कोर्सवर आलेला १० च्या वरचा आकडा भरवशाचा धरत नाहीत, पूर्ण कोर्सनंतरचाच धरतात. १० किंवा वर आलं की तो कागद जपून ठेवा, पुढे वर्षानुवर्षं आकडा खाली गेला तरी निरोगी माणसाला बूस्टर लागत नाही, शरीराच्या आठवणीत ते राहतं. १० च्या खाली आलं तर दुसरा कोर्स, परत टेस्ट, आणि दोन कोर्सनंतरही नाही आलं तर एचबीएसएजी आणि कोअर अँटीबॉडी करून बघायची, कारण काही जण आधीच बाधित असतात म्हणून टायटर येत नसतं.

हा कागद का, तर माझंच सांगतो. रेसिडेन्सीत नाळेतून रक्त घेऊन सुईवर टोपण लावायला गेलो आणि सुई डाव्या अंगठ्यात. आई पॉझिटिव्ह, ई पण पॉझिटिव्ह. अशा सुईने लस न घेतलेल्या माणसाला लागण व्हायचा धोका ढोबळमानाने १०० त ३०, एचआयव्हीचा हजारात ३. आपण घाबरतो मात्र एचआयव्हीला. माझे तीनही डोस झालेले पण टायटर कधी केलंच नव्हतं, त्यामुळे रात्री रक्त पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट येईपर्यंत इम्युनोग्लोब्युलिन कुठे मिळतंय याची फोनाफोनी. रिपोर्ट आला ३४०, काहीच घ्यावं लागलं नाही. कागद आधीच खिशात असता तर ती रात्र झोपेत गेली असती.

तुमच्या सध्याच्या स्थितीत, म्हणजे दोनच डोस झालेत अशात, सुई टोचली तर: जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, लगेच इन्चार्जला कळवून नोंद करायची, पेशंटचं एचबीएसएजी पाठवायचं. पेशंट पॉझिटिव्ह किंवा माहीतच नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन, साधारण किलोमागे ०.०६ मिली पण इथेही बाटलीवरचं लेबल बघूनच, शक्यतो २४ तासांत, सात दिवसांनंतर त्याचा भरवसा नाही, आणि त्याच वेळी दुसऱ्या दंडात राहिलेला डोस. मग टायटर मात्र सहा महिन्यांनी, इम्युनोग्लोब्युलिनच्या अँटीबॉडी ओसरल्यावर. सुईच पाहिजे असं नाही, हा विषाणू वाळलेल्या रक्तात टेबलावर सात दिवस जिवंत राहू शकतो, हाताला चीर असेल तर तेवढंही पुरतं, आणि डिलिव्हरीनंतर आपण टेबल कसं पुसतो ते तुम्हाला मी काय सांगणार.

इम्युनोग्लोब्युलिन रात्रीत मिळालं नाही तर मोठ्या हॉस्पिटलच्या एनआयसीयूला किंवा ब्लड बँकेला विचारा, त्यांना कुठे असतं ते माहीत असतं. आणि बाळाच्या कार्डावर आजच्या दोन्ही इंजेक्शनांची वेळ, कुठली मांडी, बॅच नंबर, आणि 'नवव्या महिन्यानंतर एचबीएसएजी व अँटी-एचबीएस' ही ओळ तुमच्या समोर लिहून घ्या.